रंगाचे 18 हजार 'कंपल्सरी' म्हणून डिपॉझिटमधून कापणार म्हणतात, द्यायचे का?

प्रश्न: वाकडला 1 बीएचके, भाडं 21 हजार, डिपॉझिट 60 हजार. 22 महिने राहिलो, 30 तारखेला सोडतोय. मालक काका म्हणतात रंगाचे 18 हजार कंपल्सरी, सगळ्यांकडूनच घेतो. भिंतीवर स्विचपाशी हाताचे डाग, सोफ्यामागे घासलेली एक रेघ आणि चार खिळे, एवढंच आहे. आम्ही आलो तेव्हाही नवा रंग नव्हता, आधीच्या भाडेकरूनंतर टचअप केलं होतं. द्यायलाच लागतात का हे पैसे?

उत्तर:

काकांशी पुढचं काही बोलायच्या आधी करार काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. मी कोथरूडला गेली सोळा-सतरा वर्षं भाडेकरारांचं आणि बाहेरगावी असलेल्या मालकांच्या फ्लॅटचं बघतो, म्हणजे करार करायला अंगठ्याचं मशीन घेऊन घरी जातो तो मीच आणि घर सोडताना चावी घ्यायला जातो तोही मीच, त्यामुळे ही भांडणं मी दोन्ही बाजूंनी बघितलीत. माझा अनुभव असा की भिंती कशा आहेत यावर दोघंही तासभर वाद घालतात आणि कागदावर नेमकं काय लिहिलंय ते दोघांनीही धड वाचलेलं नसतं.

करारात दोन ठिकाणी बघायचं. एक म्हणजे देखभालीचं कलम. ऑनलाइन नोंदणीच्या बहुतेक करारांत ते असतंच, शब्द थोडे मागेपुढे, पण अर्थ असा की भाडेकरूने जागा आहे त्या स्थितीत ठेवायची, काही नुकसान केलं तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं, मात्र 'नॉर्मल वेअर अँड टिअर' सोडून, म्हणजे रोजच्या वापराने जी झीज होते ती धरायची नाही. हे कलम तुमच्या बाजूचं आहे. दुसरं ठिकाण म्हणजे अगदी शेवटी येणाऱ्या इतर अटी. एजंट लोक मालकाने सांगितलेलं सगळं तिथे टाकतात, पाळीव प्राणी नकोत, पार्किंग एकच, आणि त्यातच कधी कधी रंगाची ओळ असते. करार करताना ती कोणी वाचत नाही, अंगठा देऊन मोकळे होतात.

रंगाबद्दल करारात अक्षरही नसेल तर 'सगळ्यांकडूनच घेतो' याला काही वजन नाही. बंगळूरला एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची पद्धतच पडून गेलीय आणि तिकडून आपल्या हिंजवडी, वाकड, बाणेरच्या पट्ट्यात ती आली, पण पद्धत आहे म्हणून तुमच्या करारात नसलेली अट त्यात शिरत नाही. डिपॉझिट तुमचं आहे, त्यातून कापायचं तर कशासाठी कापलं आणि त्याला किती खर्च आला हे मालकाने दाखवायचं असतं. ब्रोकरने तोंडी सांगितलं होतं असं ते म्हणतील, पण लेखी करार झाल्यावर त्याच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं कोर्ट सहसा धरत नाही. एक अडचण मात्र खरी आहे, फ्लॅट ठरवताना ब्रोकरने व्हॉट्सॲपवर 'पेंटिंग चार्जेस लागतील' असं लिहिलं असेल आणि तुम्ही खाली 'ओके' टाकलं असेल तर काका तेच पुढे करतील, म्हणून तुमची जुनी चॅट आधी तुम्हीच शोधून बघा.

इतर अटींमध्ये ओळ असेलच तर ती कशी लिहिलीय यावर सगळं आहे. 'जागा रंगवून परत द्यावी' किंवा 'रंग खराब झाल्यास खर्च भाडेकरूचा' असं असेल तर ते नुकसानाचं कलम झालं. मग 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 लागतं, त्यानुसार अट मोडल्याबद्दल करारात आकडा लिहिलेला असला तरी तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा, प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या निकालात स्पष्ट सांगितलं की या कलमाखाली भरपाई मागायला मुळात काहीतरी नुकसान झालेलं असावं लागतं. पण ओळ अशी असेल की 'जागा सोडताना रंगासाठी 18,000 रुपये डिपॉझिटमधून वजा होतील', भिंत कशीही असो, तर तुमची बाजू लंगडी पडते हे मी आत्ताच सांगून ठेवतो. मालक म्हणेल की हा दंड नाही, ही दोघांनी मिळून ठरवलेली रक्कम आहे आणि तुम्ही सही केलीय. तेव्हा देणं लागतच नाही असं म्हणून उपयोग होत नाही, तेव्हा बोलणं रकमेवर करायचं. रंग खरंच काढणार आहात का, काढला तर बिल दाखवा, उरलेले परत करा. पुढचा भाडेकरू 1 तारखेला येणार असेल तर मधल्या एका रात्रीत घर रंगवून होत नाही हे काकांनाही माहीत असतं.

करार नोंदवलेलाच नसेल, नुसता नोटरी केलेला असेल, तर गोष्ट अजून वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, आणि ते केलं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. कलमाचा हा भाग फारच थोड्या भाडेकरूंना माहीत असतो.

हल्ली लोक 2021 च्या नमुना भाडेकरू कायद्याचं नाव घेतात, त्याच्या परिशिष्टात भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे दिलाय हे खरं, पण तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्य आपला कायदा करत नाही तोवर त्याच्या जोरावर इथे काही मागता येत नाही. काकांसमोर तो काढू नका, त्यांनी कोणा वकिलाला विचारलं तर तुमचे बाकीचे बरोबर मुद्देही हलके होतात.

आता भिंती. झीज आणि नुकसान यात फरक कसा करायचा, तर मी दोन गोष्टी बघतो. घर नीट वापरलं असतं तरी हे झालंच असतं का, आणि खराबी फक्त रंगावर आहे की पुट्टीपर्यंत गेलीय. स्विचबोर्डाभोवतीचे बोटांचे डाग, सोफ्याच्या पाठीची रेघ, फ्रेम काढल्यावर मागे दिसणारा उजळ चौकोन, उन्हाने एका बाजूने उडालेला रंग, प्लास्टरमधल्या केसासारख्या बारीक भेगा, या सगळ्याला मी झीज धरतो, मालकाच्या बाजूने बघायला गेलो असलो तरी. याउलट डबल टेप ओढून काढल्यावर रंगासकट पुट्टीचा पापुद्रा निघालेला, टीव्हीसाठी ड्रिल मारून रावळप्लग ठोकलेले, पोरांनी क्रेयॉनने रंगवलेलं, देवघराच्या वर काजळीचा काळा पट्टा, हे नुकसान. चार साधे खिळे दोन्हीच्या मधले आहेत, करारात खिळे मारू नयेत अशी ओळ असेल तर तुमच्याकडे बोट जातं, नसेल तर कॅलेंडर आणि घड्याळ कोणाच्या घरात नसतं. आणि ओल, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर फुगलेले पापुद्रे, पांढरा खार, बाथरूमच्या मागच्या बाजूला उठलेला रंग, हे तुमचं मुळीच नाही, ते पाणी बाहेरून किंवा पाइपातून आलेलं असतं.

तपासताना दिवसाउजेडी बघा, आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा मारा. समोरून सपाट दिसणारी भिंत त्या आडव्या उजेडात खरं सांगते. जुनं टचअप कुठे केलंय त्याच्या कडा लगेच उठून दिसतात, आणि तुमच्या केसमध्ये हेच सगळ्यात कामाचं आहे, कारण त्या कडा म्हणजे तुम्ही यायच्या आधीपासून रंग जुना होता याचा भिंतीवरचा पुरावा. त्याचे जवळून फोटो काढा, मग त्याच भिंतीचा लांबून एक, म्हणजे कुठली खोली ते कळेल.

डाग पुसायच्या आधी थांबा. कपाटामागे वगैरे न दिसणाऱ्या कोपऱ्यात ओलं बोट घासून बघा, बोटाला पांढरी भुकटी लागली तर तो डिस्टेंपर आहे, तो ओल्या फडक्याने पुसला तर डाग जाऊन त्याच्या जागी मोठा फिका धब्बा येतो आणि मग खरंच तुमचं नुकसान ठरतं. बोट स्वच्छ राहिलं तर इमल्शन आहे, मऊ स्पंज, कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण, हलक्या हाताने वरून खाली, स्विच बंद करून. खिळे सरळ ओढू नका, पक्कडीने थोडं फिरवत काढा आणि भोकात चिमूटभर पुट्टी बोटाने दाबून सपाट करा. त्यावर रंग लावू नका. लोक इथेच फसतात, दुकानातून तोच शेड म्हणून छोटा डबा आणतात आणि ठिपके मारतात, जुना रंग उन्हाने उतरलेला असतो त्यामुळे नवीन ठिपका जुळत नाही, चार खिळ्यांचे चार डाग होतात आणि मालकाला अख्खी भिंत मागायला कारण मिळतं. रंगवायचीच असेल तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत, नाहीतर हात लावू नका.

पैशांचा हिशोब कसा बसतो ते माझ्याकडच्या एका केसवरून सांगतो. कोथरूडचा 2 बीएचके, कार्पेट साधारण साडेसहाशे फूट, कुटुंब 33 महिने राहिलेलं, मालक परदेशात आणि त्यांच्या वतीने मी. मालकांनी पेंटरकडून फोनवर भाव घेतला आणि 28 हजार कापा म्हणाले. हा आकडा येतो कुठून तर पेंटर कार्पेटच्या साडेतीन पट भिंती आणि सिलिंग धरतो, म्हणजे पावणेतेवीसशे फूट, त्याला बारा-साडेबारा रुपये. हिशोब चुकीचा नव्हता, पण तो अख्ख्या घराचा होता. मी जाऊन बघितलं तर हॉलच्या टीव्हीच्या भिंतीत रावळप्लगची चार भोकं, त्यातली दोन फुटलेली, आणि मुलांच्या खोलीत एका भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत क्रेयॉन. बाकी सगळी झीज. हॉलची भिंत चौदा बाय साडेनऊ, 133 फूट, खोलीची अकरा बाय साडेनऊ, 105 फूट, दोन्ही मिळून 238 फूट. पुट्टी, प्रायमर आणि दोन हात धरून चौदा रुपये लावले तर 3,300 च्या आसपास, पण दोन भिंतींसाठी पेंटर येतो तेव्हा दिवसाची मजुरी सुटली पाहिजे म्हणून तो साडेचार हजार म्हणाला, आणि ते रास्त होतं.

त्यानंतर मी मालकांना विचारलं की आधीचा रंग कधीचा. तो भाडेकरू यायच्या दोन वर्षं आधीचा निघाला, म्हणजे एकूण पावणेपाच वर्षं झालेली. साध्या डिस्टेंपरला मी दोन-तीन वर्षं धरतो आणि आतल्या इमल्शनला चार-पाच, पावसाच्या तोंडाची भिंत असेल तर कमी. त्या घरात इमल्शन होतं, म्हणजे रंगाचं आयुष्य संपतच आलं होतं, भाडेकरूने एक रेघ मारली नसती तरी मालकांना पुढच्या वर्षी रंग काढावाच लागला असता. मग संपलेल्या रंगाची नवी किंमत भाडेकरूकडून कशी घ्यायची? भोकं बुजवणं आणि क्रेयॉनवर सीलर मारणं हा खर्च मात्र रंग जुना असो की नवा, त्यांच्यामुळेच आला होता, तो पूर्ण त्यांचा. असं सांगून 3,000 कापायचे ठरले आणि बाकी डिपॉझिट आठवड्यात गेलं. मालकांनी नंतर अख्खं घर रंगवलं, स्वतःच्या पैशाने, आणि पुढच्या भाडेकरूला दीड हजार जास्त भाडं लावलं.

तुमच्याकडे हेच लावून बघा. 1 बीएचके साडेचारशे फूट धरला तर भिंती-सिलिंग पंधराशे-सोळाशे फूट, त्याला बारा रुपये म्हणजे जवळपास 18-19 हजार, म्हणजे काका तुमच्याकडून अख्खं घर नव्याने रंगवून मागताहेत, तेही तुम्ही आलात तेव्हा टचअपवर चाललेलं घर. सोफ्यामागची एक भिंत वादापुरती तुमची धरली तरी शंभर-एकशेपाच फूट होते, एकट्या भिंतीला पेंटर दोन-अडीच हजार घेईल. करारात रंगाची ओळ नसेल तर माझ्या मते तेवढंही लागत नाही, पण भांडण मिटवायला तुम्हाला द्यायचंच असेल तर ही वरची हद्द समजा.

आता उरलेले दिवस कसे वापरायचे. काकांना चावी द्यायच्या आधी, शक्यतो 27-28 तारखेला सकाळी उजेडात घरी बोलवा आणि खोलीगणिक फिरून एका कागदावर लिहा: हॉल, स्विचपाशी डाग, सोफ्यामागे रेघ, जुन्या टचअपच्या कडा उत्तर भिंतीवर. दोन प्रती, दोघांच्या सह्या. ते सही करायला तयार नसतील तर नका ताणू, त्याच दिवशी तोच कागद आणि दारापासून सुरू करून मीटरच्या रीडिंगपर्यंतचा न तोडलेला व्हिडिओ त्यांना व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर पाठवा. सोबत एवढंच लिहा: "काका, आज आपण घर बघितलं, त्याची नोंद जोडली आहे. करारात रंगाच्या रकमेची अट नाही. रोजच्या वापराची झीज सोडून काही नुकसान वाटत असेल तर कुठली भिंत आणि किती खर्च ते बिलासह कळवा. 30 तारखेला चावी देतो, डिपॉझिट त्याच वेळी किंवा तुम्ही लेखी सांगाल त्या तारखेला द्यावं." ओळ असेल तर अर्थातच दुसरं वाक्य बदला, खोटं लिहू नका, पुढे कोर्टात हाच मेसेज वाचला जातो.

डिपॉझिट दिल्याशिवाय चावी देणार नाही, असं मात्र कोणी कितीही सांगितलं तरी करू नका. मुदत संपल्यावर जागा ताब्यात ठेवली तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. तुमचे 21 हजार म्हणजे दिवसाचे 700, दुप्पट 1,400, तेरा दिवसांत वादातले 18 हजार तुमच्याच अंगावर. शेवटच्या महिन्याचं भाडं न देता 'डिपॉझिटमधून वळवा' म्हणणारेही बरेच आहेत, काकांनी लेखी मान्य केलं तर ठीक, नाहीतर करार तुम्ही मोडला असं होतं आणि बरोबर असलेली बाजू हातातून जाते. भाडं द्या, चावी 30 लाच द्या, आणि चावी मिळाल्याचं दोन ओळींत लिहून घ्या.

एवढं करूनही कापलेच तर पोलिसांकडे जाऊन काही होत नाही, ते दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतात. पहिली पायरी वकिलाची नोटीस, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने, माझ्याकडच्या बऱ्याच केस इथेच मिटल्या कारण कागद तयार असले की मालकाच्या वकिलालाही दिसतं काय ते. त्यानंतर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे दावा लावायच्या आधी समेटासाठी अर्ज करता येतो, दोघांना बोलावून बसवतात. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, घाईने काही सही करून देऊ नका. 18 हजारांसाठी पूर्ण दावा चालवणं वेळेच्या आणि फीच्या हिशोबात बहुतेकांना परवडत नाही, काकांनाही ते माहीत आहे, म्हणूनच 27-28 ची ती सकाळ आणि तो कागद महत्त्वाचा, नंतरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त.

आणि आजच एक काम करा, तुमच्या आधी राहणाऱ्या भाडेकरूचा नंबर वॉचमनकडे किंवा शेजाऱ्यांकडे मिळतो का बघा. त्यांच्याकडूनही रंगाचे पैसे घेतले होते का आणि तरी तुम्हाला टचअप केलेलंच घर दिलं का, एवढं विचारा. 'सगळ्यांकडूनच घेतो' हे काकांचं वाक्य खरं असेल तर ते पैसे भिंतीवर लागलेले नाहीत, हे तुमच्या टॉर्चच्या फोटोंत दिसतंच आहे. ते उत्तर आणि इतर अटींमधली रंगाची ओळ, असली तर जशीच्या तशी, इथे लिहा, मग काकांना पाठवायचा मेसेज नेमका कसा करायचा ते बघू.